करण्याचे योजिले आहे

भाचीचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिकेच्या मजकुराशी माझा काही संबंध येईल असं मला वाटलं नव्हतं. पत्रिका काढायची ती मुलीच्या घरच्यांनी. मामाचं काम भाचीला अंतरपाटापाशी आणून उभं करायचं, आणि पत्रिकेच्या खालच्या भागात त्याच्या नावाची एक ओळ असते, तेवढंच. पण नवरदेव हैदराबादला नोकरीला. त्याच्या ऑफिसातली माणसं तेलुगू, मल्याळी, बंगाली. त्यांच्यासाठी पत्रिकेच्या एका पानावर मराठी आणि दुसऱ्या पानावर इंग्रजी असावं, असं दोन्ही घरांनी ठरवलं. मी लातूरला ३४ वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेलं. ताईचे थोरले दीर, ज्यांना सगळं घर अण्णा म्हणतं, त्यांचा अंबाजोगाईहून फोन आला.

"सर, मराठी मजकूर प्रेसवाल्याकडं तयारच आहे. तुम्ही फक्त त्याचं इंग्रजी करून द्या. तासाभराचं काम आहे."

त्या तासाभराच्या कामाला ११ दिवस लागले. ते का लागले, ते सांगायचं आहे.

प्रेसवाल्याचा मजकूर आपल्याकडच्या कुठल्याही पत्रिकेचा असतो तसाच होता. वर गणपती, त्याखाली 'श्री योगेश्वरी प्रसन्न', मग डाव्या हाताला 'स. न. वि. वि.' म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष, आणि मग ते एक लांबलचक वाक्य. नावं गाळून ते इथं देतो.

'आमचे येथे श्रीकृपेकरून वै. … यांची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां. … आणि श्री. … यांचे द्वितीय चिरंजीव चि. … यांचा शुभविवाह मिती वैशाख शु. ३, शके १९४७, बुधवार, दि. ३० एप्रिल २०२५ रोजी सायंकाळी ६ वा. ४४ मि. या गोरज मुहूर्तावर करण्याचे योजिले आहे. तरी या मंगलप्रसंगी आपण सहकुटुंब सहपरिवार अगत्य उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत, ही आग्रहाची विनंती.'

हे वाक्य मी आयुष्यात हजार वेळा वाचलं असेल. पण वाचलं म्हणजे काय, तर तारीख आणि कार्यालयाचं नाव बघून पत्रिका टीव्हीच्या मागं खोचली. इंग्रजी करायला बसलो तेव्हा पहिल्यांदा वाक्याचा कर्ता शोधला. वर्गात मुलांना मी हेच सांगत आलो, की आधी कर्ता शोधा, मग क्रियापद. क्रियापद सापडलं, 'योजिले आहे'. कुणी योजिलं? वाक्यात नाही. 'आमचे येथे' म्हणजे आमच्या घरी, ती जागा झाली. 'श्रीकृपेकरून' म्हणजे देवाच्या कृपेनं, ते कारण झालं. मुलीचं नाव आहे, मुलाचं आहे, मुहूर्त मिनिटापर्यंत आहे. लग्न करणारा, योजणारा, बोलावणारा माणूस मात्र त्या सबंध वाक्यात कुठंच नाही. तो खाली, वाक्य संपल्यावर, 'निमंत्रक' या शब्दाखाली येतो.

मराठीत हे खटकत नाही. कार्य एका माणसाचं नसतंच, घराचं असतं. आणि 'मी माझ्या मुलीचं लग्न करतोय' असं म्हणण्यात जो अहंकार येतो तो देवाचं नाव पुढं करून टाळलेला असतो. 'योजिले' हे जुनं इ-कारी रूप बोलण्यात आता कुणी वापरत नाही, पण पत्रिकेत 'ठरवले आहे' असं लिहून बघा, लगेच ते सोसायटीच्या नोटिशीसारखं वाटायला लागतं.

मी पहिला खर्डा प्रामाणिकपणे शब्दाला शब्द ठेवून केला. देवाच्या कृपेनं आमच्या घरी अमक्याचं लग्न अमुक दिवशी 'हॅज बीन अरेंज्ड'. भाचीला मोबाइलवर पाठवला. तिचा फोन आला.

"मामा, हे वाचून असं वाटायलंय की मला न विचारता कुणीतरी माझं लग्न ठरवून टाकलंय."

तिचं बरोबर होतं. इंग्रजीत लग्नाला तो शब्द लागला की 'अरेंज्ड मॅरेज' आठवतं, आणि कर्ता लपवलेला असल्यामुळं संशय आणखी वाढतो. मराठीतल्या कर्माच्या आडोशाला नम्रता बसलेली असते. तोच आडोसा इंग्रजीत नेला तर माणूस काहीतरी लपवतोय असं वाटतं. इंग्रजी पत्रिकेची रीत वेगळी आहे. तिथं पहिल्या ओळीतच बोलावणाऱ्यांची नावं येतात. अमुक आणि अमुक हे आपल्या मुलीच्या लग्नाला तुमच्या सहवासाच्या आनंदाची विनंती करतात. आधी यजमान, मग मुलगी.

म्हणजे आता मला यजमानाचं नाव लिहिणं भाग होतं, आणि तिथं माझा पेन थांबला.

दाजी तीन वर्षांपूर्वी गेले. मराठी मजकुरात ते आहेत, 'वै.' म्हणून आहेत. ते माळकरी होते, आषाढीची वारी करायचे. अशा माणसाला आपण कैलासवासी म्हणत नाही, वैकुंठवासी म्हणतो. त्या एका अक्षरात माणूस गेलाय हे असतं, तो कुठल्या वाटेचा होता हे असतं, आणि आता कुठं असेल याबद्दल घरच्यांना असलेला भरवसाही असतो. इंग्रजीत 'लेट' म्हणजे फक्त तो आता नाही. ते मी तसंच ठेवलं, दुसरा इलाज नव्हता. पण गेलेला माणूस इंग्रजीत निमंत्रण देऊ शकत नाही. मग बोलावतंय कोण? पुन्हा मराठी मजकूर काढला आणि बारकाईनं पाहिला. मुलीची आई, माझी ताई, मुख्य मजकुरात कुठंच नव्हती. निमंत्रक म्हणून अण्णांचं नाव होतं. ताईचं नाव पार खाली, आप्तांच्या रांगेत, तिच्या सासूबाईंच्या नावाखाली होतं. दोघींच्या नावाआधी 'गं. भा.'

गं. भा. म्हणजे गंगा भागीरथी. नवरा गेलेल्या बाईच्या नावाआधी हे लावायची आपली जुनी रीत. एप्रिल २०२३ मध्ये सरकारी कामकाजात 'विधवा' ऐवजी हाच शब्द वापरावा का, अशी चर्चा मंत्रालयातून निघाली होती आणि त्यावर बराच वाद झाला. मला त्या वादात जायचं नाही. हा शब्द अपमानासाठी झालेला नाही, हे मी मानतो. पण पत्रिकेत तो एकटा येत नाही. त्याच्या वर-खाली काकू, मामी, मावश्या असतात आणि प्रत्येकीच्या नावाआधी 'सौ.' असतं. 'सौ.' चा अर्थ लग्न झालेली एवढाच नाही, नवरा हयात असलेली असा आहे. इंग्रजीतल्या 'मिसेस'मध्ये ही माहिती नसते. मिसेस अमुकचा नवरा आहे की गेला, हे त्या शब्दावरून कळत नाही, कळावं अशी अपेक्षाही नसते. आपल्या पत्रिकेत मात्र सात सौ. आणि त्यात दोन गं. भा. ही रांग वाचणाऱ्याला क्षणात सांगते की या घरात कुणाचं कुंकू आहे आणि कुणाचं नाही.

आणि मधे मुलीच्या नावाआधी 'चि. सौ. कां.' चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी, म्हणजे सौभाग्याची इच्छा धरणारी. मुलाच्या नावाआधी नुसतं 'चि.', त्यानं दीर्घायुषी व्हावं एवढंच. एकाच कागदावर लेक सौभाग्याची वाट बघतेय आणि तिची आई ते गेल्यामुळं खालच्या रांगेत आहे. इंग्रजीत यातलं काहीच जात नाही. काहीजण रोमन लिपीत तीच आद्याक्षरं छापतात. हैदराबादचा माणूस ते मुलीचं नावच समजेल. इंग्रजीत मी भाचीचं नाव उघडं ठेवलं, पुढंमागं काही न लावता, आणि स्पेलिंग आधार कार्डावर आहे तसंच घेतलं, कारण लग्नाच्या नोंदणीला अर्जासोबत पत्रिकाही जोडावी लागते.

ताईला फोन केला. विचारलं, इंग्रजीत बोलावणारी म्हणून तुझं नाव घालू का.

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "अण्णांना काय वाटंल?"

"ते मी बघतो. तुला काय वाटतं?"

"माझी लेक आहे. मीच बोलवायलेय ना सगळ्यांना."

"मग नावाआधी काय लावू?"

मी तिला पर्याय सांगितले. 'श्रीमती' लिहिलं तर आपल्याकडचा माणूस त्यावरून नवरा नसलेली बाई असं समजतो आणि हिंदी-तेलुगू बोलणारा माणूस नवरा असलेली. एकच शब्द, दोन गावांत दोन अर्थ. 'मिसेस' लिहिलं तर आपल्या लोकांना ते सौ. सारखं वाटणार. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"नुसतं नाव लिही की रे. मधी ह्यांचं नाव आहेच. आणि काय लावायचंय त्याला?"

खरंच, मराठी बाईचं पूर्ण नाव लिहिलं की त्याच्या मधे नवऱ्याचं नाव असतंच. तो गेला म्हणून ते निघत नाही. शाळेच्या हजेरीत, रेशन कार्डावर, बँकेत हजारदा लिहिलेली ही गोष्ट मला तोवर सुचली नव्हती.

इंग्रजी वाक्य त्या रात्री एका बैठकीत झालं. पहिल्या ओळीत ताईचं नाव, दुसऱ्या ओळीत 'विथ द ब्लेसिंग्ज ऑफ' म्हणून आधी सासूबाई, मग अण्णा आणि काकू, आणि मग आपली मुलगी, दाजींची लेक, हिच्या लग्नाला तुम्हाला बोलावते. दाजींचं नाव मुलीला चिकटून आलं, ते तिथंच हवं होतं.

अंबाजोगाईला जाऊन अण्णांना कागद दाखवला. माणूस मोठा सरळ. त्यांनी दोनदा वाचलं, इंग्रजी त्यांना चांगलं येतं, आणि म्हणाले, "इंग्रजी बरोबर आहे. पण मग आपल्या मराठीत वहिनी खाली अन् इंग्रजीत वर, असं कसं? जो दोन्ही वाचंल तो काय म्हणंल?" मी म्हटलं, मग मराठी बदलू. त्यावर ते अडले. परंपरेचा मजकूर आहे, त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून चालत आलाय, त्यात हात घालू नये, असं त्यांचं म्हणणं.

त्यांना पटवायला माझ्या शब्दांचा उपयोग झाला नसता. घरी आमच्या आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत शके १८७६ ची, म्हणजे १९५४ ची, आमच्याच घराण्यातली एक पत्रिका आहे. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. पिवळा कागद, कडा झडलेल्या, एका कोपऱ्यात हळदीकुंकवाचा डाग अजून आहे. दुसऱ्या खेपेला ती घेऊन गेलो. तिच्यातलं वाक्य असं आहे, की आमचे येथे चि. अमुक यांचा शरीरसंबंध चि. सौ. कां. अमुक हिच्याशी करण्याचे योजिले आहे.

अण्णांनी वाचलं आणि पत्रिका पटकन उलटी ठेवली, कारण घरात लेकी-सुना होत्या. तेव्हा हा शब्द लग्नपत्रिकेत सर्रास असायचा. त्याचा अर्थ होता सोयरीक, दोन घरांचं रक्तामासाचं नातं जुळणं. वयस्कर माणसं 'त्यांचा आमचा शरीरसंबंध आहे' असं म्हणत, म्हणजे आमच्यात लेकी दिल्या-घेतल्या आहेत. पुढं कोर्टाच्या कागदात आणि वर्तमानपत्रांत त्याच शब्दाचा दुसरा अर्थ इतका रुळला की पत्रिकेतून तो कधी निघाला हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. कुणी सभा घेऊन ठरवलं नाही. कुठल्यातरी प्रेसमध्ये कुणीतरी पहिल्यांदा 'शुभविवाह' जुळवला आणि बाकीच्यांनी उचलला.

"म्हणजे ह्यो मजकूरसुद्धा कुणीतरी बदललेलाच आहे," अण्णा म्हणाले. मग त्यांनीच पेन्सिल घेतली. 'वै. …' नंतर 'व' लिहिला आणि ताईचं पूर्ण नाव लिहिलं. 'यांची ज्येष्ठ कन्या' तसंच राहिलं. निमंत्रकांत वर ताईचं नाव, खाली स्वतःचं. वाक्य अजूनही तेच होतं, त्याला कर्ता अजूनही नव्हता, फक्त त्यात आई आली होती.

सासूबाईंना विचारायला गेलो. त्यांना सगळे बाई म्हणतात. वय ८० च्या पुढं, ऐकू कमी येतं. अण्णांनी कानाशी वाकून विचारलं, तुमच्या नावाआधीचं गं. भा. काढायचं का? बाईंनी मान हलवली. "माझं ऱ्हाऊ दे. मी गंगाच हाय. तिचं काढा, ती लहान हाय." ताई ५६ वर्षांची आहे. बाईंचं राहिलं.

खालच्या आप्तांच्या रांगेनंही एक दिवस खाल्ला. मराठीत मुलगी अण्णांची पुतणी आणि माझी भाची. पुतणी म्हणजे भावाची मुलगी, कुळातली. भाची म्हणजे बहिणीची मुलगी, दुसऱ्या कुळातली, आणि म्हणून मामाचं मांडवातलं काम वेगळं. तेच नातं बाईकडून मोजलं की उलटतं, आत्याला भावाची मुलगी ही भाचीच. इंग्रजीत हे सगळं 'नीस' या एका शब्दात जातं. इंग्रजी पानावरून मी ती रांगच काढून टाकली. हैदराबादच्या माणसाला आमची १४ नावं वाचून काही कळलं नसतं. मराठी पानावर मात्र एकही नाव कमी केलं नाही. गावाकडं पत्रिका हातात पडली की म्हातारी माणसं आधी खालचीच रांग वाचतात, कुणाचं नाव आहे आणि कुणाचं सुटलंय. सुटलेल्या नावावरून लग्नात रुसवे होतात आणि ते दहा-दहा वर्षं टिकतात.

मग राहिली वेळ. 'गोरज' म्हणजे गायी रानातून परत येताना उडणारी धूळ. सूर्य मावळायच्या सुमाराचा तो मुहूर्त. एप्रिलच्या शेवटी अंबाजोगाईला सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, म्हणून ६ वाजून ४४ मिनिटं. इंग्रजीत नुसते आकडे राहिले. नवरदेवाच्या एका मित्रानं विचारलं म्हणे, ही वेळ रेल्वेची आहे का? तेलुगू मित्रांना विचारावं लागलं नाही, त्यांच्याकडंही मुहूर्त मिनिटावर असतो. मी इंग्रजी पानावर त्या आकड्यापुढं एक ओळ घातली, की ही वेळ गायी घरी परतण्याची आहे, कृपया अर्धा तास आधी यावे. अंबाजोगाईत मुहूर्ताचा विषय तसा जपून बोलायचा असतो. योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं, वऱ्हाडाला उशीर झाला, मुहूर्त टळला, वऱ्हाडाचे दगड झाले आणि देवी कुमारीच राहिली, असं इथं सांगतात. आणि आमच्या पत्रिकेवर त्याच देवीचं नाव.

'सहकुटुंब सहपरिवार' मात्र मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलं. जुन्या मराठीत कुटुंब म्हणजे बायको. 'आमचं कुटुंब माहेरी गेलंय' असं आमचे गुरुजी म्हणायचे. म्हणून आधी सहकुटुंब आणि मग सहपरिवार, ती द्विरुक्ती नाही. गावात याचा हिशेब आणखी स्पष्ट असतो. आवतण द्यायला जाणाऱ्याला अण्णा दारात उभं राहून सांगत होते, ह्या घराला चूलबंद, त्या घराला घरटी एक माणूस. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटवायची नाही, लेकरंबाळं, सालगडी, आलेला पाहुणा, सगळे मांडवात जेवायला. पाकिटावर त्याची खूण असते. 'श्री. अमुक व परिवार' असं लिहिलं तर चूलबंद, नुसतं 'श्री. अमुक' असलं तर एकानं यायचं. इंग्रजीत 'विथ फॅमिली' म्हटलं की शहरातला माणूस नवरा, बायको आणि मूल मोजतो. वाईट नाही ते, त्याचं घर तेवढंच असतं. मी तेच लिहिलं. चूलबंदाचं इंग्रजी ज्या गावात चूल आहे त्याच गावात होईल.

सगळ्यात जास्त दिवस गेले ते 'अगत्य' या शब्दावर. इंग्रजी पत्रिकेतला ठरीव शब्द आहे प्लेझर, तुमच्या सहवासाचा आनंद. सुंदरच आहे तो. पण अगत्य म्हणजे आनंद नव्हे. अगत्य म्हणजे गरज, निकड. उदगीरच्या पलीकडं कानडी मुलूख लागतो, तिथं अगत्य म्हणजे आजही सरळ गरजच. मराठीत त्या गरजेला माया चिकटली. 'अगत्य येणे करावे' म्हणजे तुम्ही आल्याशिवाय आमचं अडेल. तुम्ही आलात तर आम्हाला छान वाटेल, हे त्याच्यापेक्षा हलकं. पत्रिकेच्या शेवटी आपण लिहितो, की प्रत्यक्ष भेटता आलं नाही तर हेच आग्रहाचं निमंत्रण समजावं. यायचं की नाही हे कळवा, असं लिहीत नाही. नवरदेवाच्या मित्रांनी पाठवलेल्या नमुन्यात खाली 'आरएसव्हीपी' होतं, म्हणजे कृपया उत्तर द्यावे. ते मी इंग्रजी पानावर ठेवलं, त्या लोकांना तसं कळवायची सवय असते आणि आचाऱ्यालाही बरं पडतं. मराठी पानावर नाही घातलं. चूलबंद सांगून वर येणार का म्हणून विचारणं, हे आपल्यात होत नाही.

अगत्यासाठी शेवटी मी ठरीव वाक्य सोडलं आणि साध्या इंग्रजीत लिहिलं, की जरूर या, आम्हाला तिथं तुमची गरज आहे. व्याकरणाला धरून, पण कुठल्याही छापील नमुन्यात न बसणारं. भाचीला आवडलं. नवरदेवाच्या घरचे म्हणाले, वेगळं वाटतंय, पण राहू द्या.

प्रूफ आलं तेव्हा 'शुभाशीर्वाद' ऱ्हस्व शि घालून 'शुभाशिर्वाद' झालेलं होतं. ते नेहमीच होतं, त्यासाठीच प्रूफ बघायचं असतं. दुसऱ्या प्रूफात ताईच्या नावाआधी 'सौ.' आलं होतं. जुळवणाऱ्या पोरानं रिकामी जागा बघून सवयीनं घातलं. मी ते काढायला सांगताना त्याला कारण विचारावंसं वाटलं असावं, पण विचारलं नाही त्यानं. पहिली पत्रिका योगेश्वरीच्या पायाशी ठेवली, चारी कोपऱ्यांना कुंकू लावून.

लग्नाच्या दिवशी पाच वाजताच हैदराबादहून एक मुलगी आली, नवरदेवाच्या ऑफिसातली, केरळची. मला शोधत आली, कारण इंग्रजी पान मामांनी लिहिलं असं तिला कळलं होतं. म्हणाली, कार्डावर लिहिलंय आम्हाला तुमची गरज आहे, तर मी काय करू? मी तिच्या हातात अक्षतांचं ताट दिलं. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी ती मांडवभर फिरून प्रत्येकाच्या हातावर चिमूट-चिमूट अक्षता घालत होती, आणि गावाकडच्या बायका तिला मराठीत विचारत होत्या, तू कोणाची गं?

इंग्रजी तारखेत आणखी एक गोष्ट आली नव्हती, ती मला त्या दिवशी सकाळीच ध्यानात आली. मराठी ओळीत 'वैशाख शु. ३' असं होतं. ती अक्षय्यतृतीया. आपल्याकडं त्या दिवशी मातीची करा-केळी आणून पाण्यानं भरतात आणि पित्रांना देतात. पत्रिका वाचणाऱ्या गावातल्या प्रत्येकाला हे दिसलं असणार, बाप नसलेल्या मुलीचं लग्न आणि पित्रांचा दिवस. बुधवार, ३० एप्रिल यात ते दिसत नाही. ताईनं गुरुजींना विचारलं होतं, करा-केळी कधी भरू? गुरुजी म्हणाले, देवक बसलं की पित्रांचं वेगळं काही करायचं नसतं. नांदीश्राद्धात पित्रांना आवतण गेलेलं आहे, ते आलेलेच आहेत.

तरी तिनं बाजारातून मातीची केळी आणली होती. पूजा केली नाही, हळदकुंकूही लावलं नाही. कार्यालयाच्या दारापाशी सावलीत विटेवर ठेवून पाण्यानं भरली, वर झाकणी आणि झाकणीवर फुलपात्र ठेवलं. बाहेर ४० च्या पुढं ऊन होतं. येणारे वऱ्हाडी थांबून पाणी पीत होते, आणि दुपारपर्यंत तिनं ती तीनदा भरली.